पंधरा लिटर, दोन हजार वॅट, एकवीस मिनिटं

डिसेंबरात मामेभावाचा फोन आला. तो इंदापूर तालुक्यात निमगाव केतकीच्या बाजूला वस्तीवर राहतो. "दादा, बारामतीतून नवा गिझर आणला. कागदावर एकवीस मिनिटं लिहिलंय. पहाटे अर्धा तास झाला तरी पाणी कोमटच. फसवलं का आपल्याला?" मी कागदाचा फोटो मागवला. त्यावर टाकी १५ लिटर, शक्ती २००० वॅट आणि तापायला लागणारा वेळ २१ मिनिटं असं लिहिलं होतं. शेजारी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, पाणी ४० अंशांनी तापेपर्यंत.

आकडे खरे होते. लिटर, वॅट आणि मिनिटं हे तीन वेगवेगळे गुण नसून एकाच हिशेबाचे तीन भाग आहेत. एक युनिट वीज साधारण साडेएकवीस लिटर पाणी ४० अंशांनी तापवते, म्हणजे २० अंशांचं पाणी ६० वर नेते. २००० वॅटचा गिझर तासाला दोन युनिटं घेतो, म्हणून तासाला ४३ लिटर. त्या हिशेबाने १५ लिटरला एकवीस मिनिटं आणि पाऊण युनिटाहून थोडी कमी वीज लागते. २५ लिटरची टाकी तेवढ्याच वॅटवर पस्तीस मिनिटं घेणार. एखाद्या कागदावर १५ लिटर, २००० वॅट आणि पंधरा-सोळा मिनिटं दिसली तर तिथे वाढ ४० ऐवजी ३० अंशांची धरलेली असणार. म्हणून मिनिटांच्या आधी ती बारीक ओळ वाचावी.

लिटरचा अर्थ मी बादलीत मोजतो. ६० अंशांचं गरम आणि २० अंशांचं गार पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की अंगाला सोसेल असं ४० अंशांचं पाणी मिळतं. सोळा लिटरच्या बादलीला आठ लिटर गरम पाणी लागलं. पण १५ लिटरच्या टाकीतून पंधराही लिटर कडक मिळत नाहीत. गरम पाणी वरून निघतं तसं खालून गार शिरतं आणि शेवटचं तीन लिटर कोमट होऊन येतं. म्हणजे धड दीड बादली. एका माणसाला ती पुरते, लागोपाठ चौघांच्या आंघोळी असतील तर पुरत नाही. आमच्याकडे पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २० अंशांच्याही खाली जातं, तेव्हा आणखी थोडं कमी पडतं.

मग भावाचं पाणी कोमट का? मी शनिवारी गेलो तेव्हा वायरमनला बोलावलं होतं. त्याने बाथरूमबाहेरच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटमध्ये मीटर लावला. २३० व्होल्टच्या जागी १८०. त्या वेळी वस्तीच्या डीपीवर उसाला पाणी देणाऱ्या मोटारी चालू होत्या. व्होल्टेज कमी झालं की गिझरची शक्ती त्याच प्रमाणात कमी होत नाही, दुप्पट वेगाने घसरते. १८० व्होल्टला २००० वॅटचा गिझर जेमतेम सव्वाबाराशे वॅटचं काम करतो. एकवीस मिनिटांची चौतीस होतात. युनिटं जवळपास तेवढीच पडतात, फक्त वाट बघावी लागते. भाऊ ३००० वॅटचा घेऊ म्हणत होता. मी नको म्हणालो. तो तेरा अँपिअर ओढतो, वस्तीच्या लांब वायरीत व्होल्टेज आणखी पडतं आणि वायर जाड नसेल तर सॉकेट करपतं. अर्धा तास आधी बटण दाबणं बरं.

ओसरीत जुना गिझर उघडून ठेवला होता. दोन वर्षं चालून बंद पडला होता. वायरमनने कॉइल बाहेर काढून माझ्या हातात दिली. बोटभर जाडीच्या नळीवर चुनखडीचं पांढरं कवच होतं, काही जागी अंगठ्याएवढं. नखाने टवका उडाला आणि आत नळीला चीर दिसली. बोअरच्या पाण्यातला हा क्षार. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात कितीतरी रानं चोपण झालेली आहेत, तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी साबणाला फेस येऊ देत नाही. तेच पाणी टाकीत येतं आणि जितकं जास्त तापेल तितका क्षार कॉइलवर बसतो.

लोकांना वाटतं क्षार बसला की पाणी तापायला वेळ लागतो. खरं नुकसान दुसरं आहे. कॉइल तेवढीच उष्णता देत राहते, पण कवचामुळे ती पाण्यात लवकर उतरत नाही, म्हणून कॉइल स्वतःच तापते आणि फुटते. ओळखायच्या खुणा आधी मिळतात. गिझर चालू असताना आतून खडखड किंवा चरचर येते, आणि पूर्वी दीड बादली मिळायची तिथे एकच मिळते, कारण टाकीच्या तळाला गाळ साचलेला असतो. अशा पाण्याला थर्मोस्टॅट ५५ अंशांवर ठेवावा, आणि वर्षाकाठी झाकण खोलून कॉइल खरवडून घ्यावी. तेव्हाच आतला मॅग्नेशियमचा दांडा बघावा. तो टाकीऐवजी स्वतः गंजून टाकी वाचवतो. जुन्या गिझरमध्ये त्याची नुसती तार उरली होती. टाकीची वॉरंटी पाच-सात वर्षांची असली तरी कॉइलची बहुधा कमी असते, तीही कागदावर वेगळी लिहिलेली असते.

कागदावर तारेही होते. गिझर बंद केल्यावर टाकी किती उष्णता धरून ठेवते ते तारे सांगतात. दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात त्यांचे पैसे वसूल होतात, सकाळी अर्धा तास वापरणाऱ्याला फार फरक पडत नाही. '८ बार' म्हणजे ऐंशी मीटर उंच पाण्याचा दाब. बसक्या घरावरच्या टाकीतून अर्धा बारही येत नाही, त्यासाठी जास्त पैसे मोजायला नकोत.

सुरक्षेच्या ओळी मात्र एकेक करून वाचाव्यात. थर्मोस्टॅट ठरल्या तापमानाला वीज तोडतो. तो चिकटला तर कटआउट तोडतो. तोही चुकला आणि पाणी उकळून दाब वाढला तर व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो. या तिघांपैकी कुणीही शॉकपासून वाचवत नाही. फुटलेल्या कॉइलमधून वीज पाण्यात उतरते, त्यासाठी अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी लागतो, आणि तो गिझरच्या खोक्यात नसतो. वायरमनने फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब लावून बघितला. मिणमिणला. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यापासून कोरडा पडला होता. "भाऊ, हे आधी करू, गिझर नंतर," तो म्हणाला, आणि मुलाला कोळसा-मीठ आणायला पाठवलं.

खड्डा भिजेपर्यंत मी नव्या गिझरचा व्हॉल्व्ह बघत होतो. त्याच्या बारीक तोंडाला बूच मारलेलं. वहिनी म्हणाल्या, "सारखं ठिबकत होतं, म्हणून प्लंबरला सांगून बंद करून घेतलं." पंधरा लिटर पाणी ४० अंशांनी तापलं की पाव लिटरच्या आसपास फुगतं. तेवढं पाणी कुठेतरी जायला हवं, म्हणून ते ठिबकणं. बूच मारलं की वाट बंद, आणि सगळं काही फक्त थर्मोस्टॅट आणि कटआउटच्या भरवशावर. वायरमनने बूच काढलं, त्या तोंडाला हातभर पारदर्शक नळी लावली आणि तिचं टोक मोरीत सोडलं.