वेग वाढवण्याआधी ब्रेक तपासा

फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला वेगवान व्हायचं असतं. पण मैदानावर अनेकदा गुडघा दुखावतो तो पळताना नव्हे, तर थांबताना आणि वळताना. समोर कुणी नसतानाही मुलगा एकदम दिशा बदलतो, पाय जमिनीवर रुततो आणि गुडघा आतल्या बाजूला झुकतो. म्हणून वाढत्या वयातल्या खेळाडूनं आधी ब्रेक लावायला शिकायला हवं. त्यासाठी जिम लागत नाही. स्वतःच्या शरीराचं वजन, सपाट मैदान आणि तीन कोन पुरतात. कोन नसतील तर पाण्याच्या बाटल्या चालतात. कोल्हापुरात तर फुटबॉलचे संघच तालमींच्या नावानं खेळतात, त्यामुळे बैठका तिथल्या मुलांना नव्या नाहीत. फक्त त्या फुटबॉलसाठी थोड्या बदलाव्या लागतात.

आधी ताकद

पंधरा वर्षांचा, आठवड्यातून चार दिवस खेळणारा एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. त्यानं दोन दिवस, सामन्याचा आदला दिवस सोडून, २५ मिनिटं द्यावीत. पाच मिनिटं हलकं पळून झालं, की दहा बैठकांचे दोन संच. त्यानंतर प्रत्येक पायावर पाच अर्ध्या बैठका. फुटबॉलमध्ये चेंडू मारताना, वळताना सगळा भार एकाच पायावर येतो, म्हणून एका पायाची बैठक महत्त्वाची.

ती बरोबर होते की नाही, हे मुलाला स्वतःला कळत नाही. समोरून मोबाइलवर चित्रण करावं. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला तर ठीक. तो अंगठ्याच्या आत झुकत असेल, तर बैठक कमी खोल करावी आणि गरज पडल्यास भिंतीला एक हात लावावा.

दुसरा व्यायाम मांडीच्या मागच्या स्नायूंचा, म्हणजे हॅमस्ट्रिंगचा. याला नॉर्डिक म्हणतात. मऊ जागेवर गुडघे टेकून बसायचं, मित्रानं मागून घोटे घट्ट धरायचे. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. तोल सुटला की हातांवर पडायचं. कंबरेत वाकलं तर स्नायूवर ताण येत नाही. सुरुवातीला तीन ते पाच वेळा पुरे. पहिले एक-दोन दिवस मांडी दुखेल, ते स्वाभाविक आहे. नियमित नॉर्डिक करणाऱ्या संघांमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. ‘फिफा’च्या ‘११+’ या सरावातही हा व्यायाम आहे.

मग कोन

पहिले दोन आठवडे फक्त थांबायला शिकायचं. पाच मीटरवर एक कोन ठेवावा. तिथपर्यंत पळत जाऊन शेवटची तीन पावलं आखूड टाकायची, कंबर खाली घ्यायची आणि कोनापाशी दोन सेकंद स्तब्ध उभं राहायचं. पाय धपकन आपटल्याचा आवाज आला, तर गुडघे पुरेसे वाकले नाहीत असं समजावं.

तिसऱ्या आठवड्यापासून तीन कोन एका ओळीत, पाच-पाच मीटर अंतरावर. मधल्या कोनापासून उजवीकडे पळायचं, तिथून उलट फिरून दहा मीटर डावीकडचा कोन गाठायचा आणि पुन्हा मध्ये यायचं. पुढच्या खेपेला सुरुवात डावीकडून. अशा चार ते सहा खेपा, प्रत्येकीनंतर किमान एक मिनिट विश्रांती. विश्रांती कमी केली तर हा चपळाईचा नव्हे, दमाचा सराव होतो. वेळ लांबू लागली किंवा गुडघा आत झुकू लागला, की त्या दिवशी थांबावं. थकलेल्या पायांनी केलेला सराव चुकीचं वळणंच पक्कं करतो.

पाचव्या आठवड्यापासून कोनाकडे बघून वळणं बंद. मित्रानं ऐनवेळी हातानं दिशा दाखवायची. सामन्यात वळण आधी ठरलेलं नसतं, प्रतिस्पर्ध्याकडे पाहून घ्यावं लागतं.

कधी थांबावं?

शरीराच्या वजनाच्या व्यायामानं उंची खुंटते, ही भीती निराधार आहे. मात्र झपाट्यानं उंची वाढण्याच्या काळात गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखू लागतं. तिथे मांडीच्या पुढच्या स्नायूचा ताण वाढत्या हाडावर येतो. अशा वेळी उड्या आणि जोरदार वळणं कमी करावीत, दुखत नसेल तेवढीच बैठक ठेवावी. लंगडत चालणं, गुडघ्याला सूज, रात्रीचं दुखणं किंवा वळताना ‘कट्’ असा आवाज येऊन गुडघा निसटल्यासारखा वाटणं, यातलं काहीही झालं तर सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावं.

सहा आठवड्यांनी पुन्हा तसंच चित्रण करावं आणि पहिल्या दिवसाशी ताडून पाहावं. घड्याळातले सेकंद फारसे कमी झाले नसतील, तरी दोन्ही गुडघे सरळ रेषेत राहत असतील, तर सराव योग्य मार्गावर आहे.