पगार कायमचा घटल्यावर

पुण्यातलं एक कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. नवरा-बायको आणि सहा वर्षांची मुलगी. घरात येणारा पगार महिना ९० हजारांवरून ७४ हजारांवर आला आहे आणि तो पूर्ववत होण्याची चिन्हं नाहीत. आधी घरखर्च ३८ हजार, गृहकर्जाचा हप्ता २२, विम्यासाठी बाजूला ३, आणि २७ हजारांच्या एसआयपी: निवृत्तीसाठी १०, मुलीच्या शिक्षणासाठी ८, गाडीसाठी ५, परदेश सहलीसाठी ४.

अशा वेळी बहुतेक जण सगळ्याच एसआयपी थोड्या थोड्या कापतात. हे न्याय्य वाटतं, पण त्यात एकही उद्दिष्ट धड पुरं होत नाही. त्यापेक्षा प्रत्येकाला दोन प्रश्न विचारावेत: याची तारीख पुढे ढकलता येते का? आणि कमी पडलेल्या पैशाला कोणी कर्ज देईल का?

गाडी आणि सहलीची तारीख ढकलता येते, म्हणून ती थांबवायची. मुलीचं अठरावं वर्ष ढकलता येत नाही, पण शैक्षणिक कर्ज मिळतं. म्हणून ती रक्कम कमी करायची. म्हातारपणासाठी मात्र कोणी असं कर्ज देत नाही. शिवाय मूळ वेतन घटलं असेल तर पीएफची वर्गणीही आपोआप घटते. त्यामुळे निवृत्तीचे १० हजार तसेच ठेवायचे. मुलांच्या आधी स्वतःचं बघणं आपल्याकडे स्वार्थीपणाचं वाटतं; पण साठीनंतर मुलीवर अवलंबून राहणं तिला जास्त महाग पडेल.

घरखर्च ३४ हजारांवर आणला, तर हप्ता आणि विमा धरून ५९ हजार जातात. उरलेल्या १५ हजारांत निवृत्तीचे १० आणि शिक्षणाचे ५ बसतात. वर्षाला १० टक्के परतावा धरला, तर बारा वर्षांत ८ हजारांचे सुमारे २२ लाख झाले असते. ५ हजारांचे १४ लाखांच्या आसपास होतील. हे आठ लाख कमी पडणार, हे आजच कळलेलं बरं.

विम्याला हात लावू नये. आरोग्य विमा बंद पडून पुन्हा घेतला, तर जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होऊ शकतो.

म्युच्युअल फंडाची ‘पॉज’ सोय इथे फसवी ठरते. काही महिन्यांनी एसआयपी आपोआप सुरू होते आणि खात्यात पैसे नसतील तर बँक दंड लावते. कपात कायमची असेल, तर गाडी-सहलीच्या एसआयपी रीतसर रद्दच कराव्यात. रक्कम कमी करायलाही बऱ्याचदा जुनी बंद करून नवी सुरू करावी लागते. गाडीसाठी साठलेले पैसे आपत्कालीन निधीत वळवावेत.

हिशेब चुकला असेल तर तो क्रेडिट कार्डावर दिसतो. बिलाची फक्त किमान रक्कम भरली जात असेल, तर घरखर्चाचे ३४ हजार कागदावरच राहिले आहेत. तेव्हा बँकेकडे गृहकर्जाची मुदत वाढवून मागावी; व्याज जास्त जाईल, पण कार्डाच्या व्याजापेक्षा ते कितीतरी स्वस्त असतं.