महाग पेट्रोलचा हिशेब

एकाच पंपावर दोन दरांचे पेट्रोल मिळते. महाग पेट्रोलने इंजिन स्वच्छ राहते व गाडी अधिक धावते, असा कंपन्यांचा दावा असतो. तो हिशेबाच्या कसोटीवर घासून पाहावयास हवा.

समजा, साधे पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि महाग ११२ रुपये आहे. साध्यावर ५० किलोमीटर धावणाऱ्या स्कूटरने जादा आठ रुपये वसूल करावयाचे, तर लिटरमागे सुमारे ५४ किलोमीटर धावले पाहिजे. इंजिन मुळातच स्वच्छ असेल, तर मिसळलेल्या द्रव्याला धुण्यासारखे फारसे उरत नाही. अधिक ऑक्टेन म्हणजे अधिक ऊर्जाही नव्हे. तो केवळ इंजिनातील ‘नॉकिंग’ टाळण्याचा गुण होय.

गाडीच्या पुस्तिकेत ९५ ऑक्टेनची अट असेल, तर ते अवश्य घ्यावे. एरवी दोन्ही पेट्रोलांच्या तीन-तीन टाक्या, दर वेळी सारख्याच पातळीपर्यंत भरून, किलोमीटर वहीत टिपावेत. रस्ता व टायरमधील हवा तीच ठेवावी. चार किलोमीटरांची वाढ दिसली नाही, तर महिन्याच्या १२ लिटरमागे दिलेल्या जादा ९६ रुपयांचा पुरता मोबदला मिळाला नाही, असेच म्हणावे लागेल.