पडून राहिलेल्या मालाची किंमत

गोदामातल्या मालाची वहीतली किंमत त्याच्या खरेदीखर्चापेक्षा किंवा त्यातून हाती येऊ शकणाऱ्या रकमेपेक्षा जास्त ठेवता येत नाही. या दोहोंतली जी रक्कम कमी असेल, तीच लिहायची. हाती येणारी रक्कम म्हणजे अपेक्षित विक्री किंमत, वजा माल पूर्ण करण्याचा आणि विकण्याचा खर्च. हिशेबाच्या भाषेत तिला निव्वळ वसुलीयोग्य मूल्य म्हणतात. भारतात हा नियम एएस २ आणि मोठ्या कंपन्यांसाठी इंड एएस २ या मानकांत दिला आहे.

असा माल एका दिवसात कसा तयार होतो, हे १ एप्रिल २०२० रोजी दिसले. त्या दिवसापासून वाहनांसाठी बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक दुचाकींतला कार्ब्युरेटर जाऊन त्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. कार्ब्युरेटरला हवा पुरवणारा रबरी पाइप तयार करणाऱ्या एका लहान कारखान्याचे उदाहरण घेऊ. त्याच्याकडे ३१ मार्चला ४,००० पाइप शिल्लक आहेत. प्रत्येकी खर्च ९० रुपये, म्हणजे वहीत ३,६०,००० रुपये. माल नवा कोरा आहे, त्यात दोष नाही. फक्त नवी गाडी तो घेणार नाही.

जुन्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेत, म्हणून सगळा माल भंगार धरणेही चूक ठरेल. सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांच्या मागणीवरून १,५०० पाइप ६० रुपयांनी जातील असे दिसते. पॅकिंग आणि वाहतुकीचे ५ रुपये वजा केले की ५५ उरतात. बाकीच्या २,५०० नगांना भंगारवाला नगामागे ८ रुपये देईल. मूल्य झाले ८२,५०० अधिक २०,०००, म्हणजे १,०२,५००. उरलेले २,५७,५०० रुपये त्याच वर्षी तोट्यात दाखवावे लागतात. एक वर्ष पडून असलेल्या मालाचे २५ टक्के आणि दोन वर्षे पडलेल्याचे ५० टक्के कापायचे, असा सरसकट ठोकताळा अनेक ठिकाणी वापरला जातो. इथे तो फसला असता, कारण हे पाइप जेमतेम दोन महिन्यांपूर्वी बनलेले असू शकतात.

नग-किमतीचा प्रश्न इथून सुरू होतो. हाच कारखाना आता इंजेक्शनच्या गाडीचा नवा पाइप बनवतो. वर्षाला २०,००० नग आणि नगामागे खर्च १२० रुपये. जुन्या मालाचा तोटा कारखान्याच्या वरखर्चात टाकला, तर प्रत्येक नव्या नगावर सुमारे १२ रुपये ८८ पैसे चढतात आणि खर्च १३३ रुपयांच्या घरात जातो. त्यावर दर काढून दिला की ऑर्डर स्पर्धकाकडे जाते. नवा पाइप बनवायला तर एक पैसाही जास्त लागलेला नाही. नियमबदलाने झालेला असा मोठा, नेहमीचा नसलेला तोटा थेट नफा-तोटा खात्यात जातो; तो नगाच्या खर्चात मिसळत नाही. दरवर्षी थोडेफार होणारे नुकसान, उदाहरणार्थ मुदत संपलेला गोंद, हे मात्र धंद्याचा नेहमीचा खर्च म्हणून वरखर्चात धरतात.

संथ चालणारा माल म्हणजे मेलेला माल नव्हे. कच्च्या रबराचा बाजारभाव उतरला, तरी त्यापासून बनणारा पाइप खर्चाइतक्या किंवा त्याहून जास्त किमतीला विकला जाणार असेल, तर रबराची किंमत कमी करायची नाही. उलट, एखाद्या वस्तूची हालचाल कागदावरच असते. माल एका रॅकवरून दुसऱ्या रॅकवर गेला आणि बदलीची नोंद झाली की ‘शेवटची हालचाल’ ताजी दिसते आणि वस्तू यादीतून निसटते. म्हणून बिन कार्डावर उत्पादनासाठी किंवा विक्रीसाठी माल शेवटचा कधी उचलला, तीच तारीख पाहावी लागते.

किंमत कमी केलेला माल नंतर उपयोगी पडला, तर चूक उलट दिशेने होते. समजा, पुढच्या वर्षी लक्षात आले की ८ रुपयांच्या ५०० जुन्या पाइपांवरचा धातूचा क्लॅम्प नव्या पाइपाला बसतो. नवा क्लॅम्प २२ रुपयांना मिळतो आणि जुना काढायला २ रुपये लागतात. तो ८ रुपये किमतीनेच उत्पादनाला दिला, तर काढण्याचा खर्च धरूनही त्या ५०० नगांचा खर्च १२० ऐवजी १०८ दिसेल आणि त्या आकड्यावर दिलेला पुढचा दर जुने क्लॅम्प संपताच तोट्यात नेईल. इंड एएस २ नुसार मूल्य वाढले की आधी कापलेली रक्कम मूळ ९० रुपयांच्या मर्यादेत परत घ्यावी लागते. इथे नगामागे १२, एकूण ६,००० रुपये आधी परत येतात, मग जुना नग २० रुपयांनी उत्पादनाला दिला जातो आणि नव्या पाइपाचा खर्च १२० वरच राहतो.