कळी, उकड आणि तारीख

मोदकाची एक कळी पाडायला किती वेळ लागतो? सराईत हाताला जेमतेम एक सेकंद. आता तो सेकंद लिहून पाहा: अंगठा आणि तर्जनीने पारीचा काठ चिमटीत धरायचा, चिमटी दाबत खाली न्यायची आणि तेवढ्यात डाव्या तळहातातली पारी किंचित फिरवायची. वाक्यात चूक काहीच नाही. पण ते वाचून कुणाला मोदक जमलाय?

फोटोनेही भागत नाही. एका फोटोत कोरा काठ, पुढच्या फोटोत तयार कळी. मधल्या क्षणी दोन हात एकाच वेळी दोन वेगळी कामं करत होते, ते कुठे गेलं? इन्स्टाग्रामवर मोदकाबद्दल काही टाकायचं तर हा भाग रीलचाच. पारखायची युक्ती अगदी सोपी आहे. व्हिडिओ मधेच थांबवा. थांबलेल्या चित्रातही सगळा मुद्दा कळत असेल, तर तो रीलचा विषय नव्हताच! कळीचं तसं होत नाही, हात थांबला की कळीही हरवते. शिवाय रील संपली की आपोआप पहिल्यापासून सुरू होते, म्हणजे शिकणाऱ्याला तीच चिमटी पुन्हा पुन्हा बघायला मिळते. फक्त सुरुवात थेट बोटांपासून करा. तांदूळ धुण्यापासून केलीत तर कळी येईपर्यंत माणूस पुढच्या रीलवर पोचलेला असतो.

आता उकडीकडे या. एक वाटी पिठी, साधारण एक वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. हे आकडे रीलमध्ये दोन सेकंद झळकतात आणि जातात. बघणाऱ्याचे हात पिठाने माखलेले, तो थांबवणार कसा? मला सगळ्यात गंमत वाटते ती इथे. रीलमधलं घड्याळ करणाऱ्याच्या हातात असतं, कॅरूसेलमधलं बघणाऱ्याच्या अंगठ्यात! एका चित्रावर तो पाच मिनिटं रेंगाळू शकतो, मागे जाऊ शकतो, सेव्ह करून चतुर्थीच्या सकाळी ओट्यापाशी उघडू शकतो.

म्हणून ‘मोदक का फुटतो?’ हा विषय कॅरूसेलचा. पहिल्या चित्रात फुटलेला मोदक, अगदी जवळून. दुसऱ्यात कारण: तांदळात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे पिठी नुसतं पाणी घालून मळली तर ताणली जात नाही. उकळत्या पाण्यात तिच्यातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि तोच पारीला एकत्र धरतो. तिसऱ्यात कोरड्या उकडीच्या काठावरच्या चिरा आणि उपाय: पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. चौथ्यात ओल्या सारणाने उघडलेलं बूड. शेवटी प्रमाण.

दुसरं चित्र जपून करा. पहिलं चित्र न थांबता ओलांडून गेलेल्या माणसापुढे इन्स्टाग्राम तीच पोस्ट कधीकधी दुसऱ्या चित्रापासून पुन्हा आणतं, गल्लीच्या टोकाला गेलेला भाजीवाला परत फिरून दुसरी हाक देतो तसं. ती हाक एकटीही समजली पाहिजे. आणखी एक खोच: पहिल्या चित्राचा आकार पुढच्या सगळ्यांना लागू होतो. पहिलं चौकोनी ठेवलंत आणि तिसरा फोटो उभा असला, की मोदकाचा शेंडा कापला गेलाच म्हणून समजा. 2024 पासून एका पोस्टमध्ये 20 चित्रं बसतात, पण फुटायची कारणं चार असतील तर वीस करू नका.

आणि मोदकांची ऑर्डर घ्यायची असेल तर? एकच चित्र. 21 मोदकांचा भाव, ऑर्डरची शेवटची तारीख, फोन नंबर. यात क्रमही नाही, हालचालही नाही. रील अनोळखी माणसांपर्यंत पोचते म्हणून हेही रीलमध्ये घालायचा मोह होतो. मग संगीत वाजत राहतं आणि तारखेसाठी गिऱ्हाईक ताटकळत बसतं. चित्र घरातल्या कुणाला तरी तीन सेकंद दाखवा, फोन पाठीमागे लपवा आणि तारीख विचारा. सांगता आली नाही तर चित्रात गर्दी झाली आहे.

निवड चुकली की प्रतिक्रियाच सांगतात. रीलखाली ‘ताई, प्रमाण लिहा ना’ अशी रांग लागली, तर तिथे कॅरूसेल हवं होतं. कॅरूसेलखाली ‘कळी पाडताना दाखवा’ आलं, तर उलट. पण या दुसऱ्या वेळी सगळं मोडायची गरज नाही. कॅरूसेलमध्ये फोटोंच्या मधे व्हिडिओही बसतो. चिरांच्या फोटोनंतर त्या एका चिमटीचे चार सेकंद घालून टाका.