अर्धी मोटार, पूर्ण आकार

ब्लेंडरमध्ये मोटारीची बॉडी घडवताना बाजूचे, समोरचे, मागचे आणि वरचे रेखाचित्र आपापल्या दिशेला पार्श्वभूमीसारखे लावतात. ही चित्रे आधी एका मापावर आणावी लागतात. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधले अंतर २४०० मिलिमीटर होते. म्हणून बाजूच्या चित्रात ते २.४ मीटर भरले पाहिजे. चित्रे एकमेकांशी तंतोतंत जुळतातच असे नाही. तिथे खऱ्या गाडीच्या छायाचित्रावर जास्त विश्वास ठेवावा.

बॉडी मात्र अर्धीच घडवायची. Mirror मॉडिफायर X अक्षावर दुसरी बाजू आपोआप उभी करतो. हा आरसा वस्तूच्या मूळबिंदूवर उभा असतो, त्यामुळे तो बिंदू गाडीच्या मध्यरेषेवरच हवा. Clipping सुरू ठेवले की मध्यरेषेवरचे बिंदू तिथेच चिकटून राहतात, नाहीतर टपावर फट पडते.

खरी परीक्षा टपाच्या मध्यावर होते. मध्यरेषेला येणारी कड आडवी, म्हणजे आरशाला काटकोनात आली नाही, तर तिथे बारीक उंचवटा किंवा खळगा उमटतो. जाळीत तो सहज दिसत नाही. चकचकीत मॅटकॅप लावल्यावर प्रतिबिंबाची रेषा मध्यावर मोडलेली दिसते. उपाय म्हणजे शेजारचा बिंदू मध्यबिंदूच्या जवळपास उंचीला आणणे. मॉडिफायरच्या यादीत Mirror हा Subdivision Surface च्या वर असावा. उलट क्रमाने दोन्ही अर्धे वेगवेगळे गुळगुळीत होऊन सांधा उघडा पडतो.

स्टिअरिंग, वायपर असे एकतर्फी भाग स्वतंत्र वस्तू म्हणून, आरशाशिवाय करावेत.