बालकांचे पुढे आलेले कान : उपचाराची योग्य वेळ

काही बालकांचे कान डोक्यापासून बरेच दूर, सुपासारखे पुढे आलेले असतात. त्यामुळे ऐकण्यात बाधा येत नाही. परंतु शाळेत होणारी चेष्टा मुलास एकलकोंडे करू शकते. कानाच्या वरच्या भागातील कूर्चेची घडी नीट न पडणे किंवा कानाची मधली वाटी अधिक खोल असणे, ही या व्यंगाची दोन प्रमुख कारणे होत. कानाची कड डोक्यापासून सुमारे २ सेंटिमीटरपेक्षा अधिक दूर असल्यास कान पुढे आलेला मानतात.

जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मातेच्या संप्रेरकांच्या प्रभावामुळे अर्भकाची कूर्चा मऊ असते. जपानमधील मात्सुओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या काळातील विनाशस्त्र उपचाराचे अनुभव प्रसिद्ध केले. बारीक मऊ नळीत लवचीक तार घालून ती कानाच्या कडेच्या आतील खोबणीत बसवितात. मग त्वचेस अनुकूल चिकटपट्टीने कान डोक्याशी धरून ठेवतात. हा आधार रात्रंदिवस, काही आठवडे ठेवावा लागतो.

समजा, आशा कार्यकर्ती सातव्या दिवसाच्या गृहभेटीस गेली असता बालकाचा कान पुढे आलेला दिसला. त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे नेल्यास यशाची शक्यता चांगली असते. हेच बालक चार महिन्यांनी नेले, तर कूर्चा ताठर झालेली असते आणि बालक पट्टी ओढून काढते. आधाराखालील त्वचा लाल झाली किंवा सोलली, तर तो काढून डॉक्टरांस दाखवावे. घरी कापडाने कान करकचून बांधल्यास घडी पडत नाही, उलट जखम होते. तसेच कानाचा काही भाग मुळातच नसेल, तर या उपायाने तो निर्माण होत नाही.

ही संधी हुकल्यास शस्त्रक्रियेसाठी साधारणतः पाच-सहा वर्षांपर्यंत थांबावे. त्या वयात कानाची बहुतेक वाढ पूर्ण झालेली असते, कूर्चा टाके धरून ठेवण्याइतकी बळकट असते आणि मूल आपली इच्छा सांगू शकते. मुलास स्वतःला त्रास वाटत नसेल, तर घाई करू नये. ही शस्त्रक्रिया प्रौढपणीही करता येते.

शस्त्रक्रियेत कानामागे छेद घेऊन कायम टिकणाऱ्या टाक्यांनी घडी तयार करतात. वाटी खोल असल्यास ती मागील हाडाच्या आवरणाशी टाचतात. लहान मुलांस पूर्ण भूल द्यावी लागते. नंतर काही दिवस डोक्यास बंधन व पुढे काही आठवडे झोपताना पट्टी असते. पहिल्या एक-दोन दिवसांत एकाच कानात वेदना वाढत गेली, तर आत रक्त साकळल्याचा संशय घेऊन त्वरित रुग्णालय गाठावे. विलंब झाल्यास कूर्चेस इजा होते. कधी टाके सैल पडून कान पुन्हा काहीसा पुढे येतो, याचीही कल्पना पालकांस आधीच द्यावी.